दुसऱ्या वर्षाचा शिष्यवृत्ती फॉर्म वारंवार परत येतोय? आधी मागच्या वर्षाची ओळ आणि हजेरीचा दाखला तपासा

दिवाळीनंतर शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, फॉर्म वापस आलाय, कायच कळंना गेलंय." हे बोलणारी मुलं बहुतेक दुसऱ्या वर्षाची असतात. पहिल्या वर्षी त्यांचा फॉर्म सरळ पास झालेला असतो, पैसेही आलेले असतात. त्यामुळे यंदा फक्त नूतनीकरण करायचं, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटतं. पण पहिल्या वर्षी फक्त दहावी-बारावीचे गुण लागतात आणि ते बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एका ठिकाणी छापलेले असतात. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या दोन सत्रांचे गुण आणि मागच्या अख्ख्या वर्षाची हजेरी लागते. या दोन्ही गोष्टी तयार आकड्यात कुठेच मिळत नाहीत, त्या जुळवाव्या लागतात. फॉर्म अडकतो तो तिथेच.

मी महाडीबीटीवरच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल लिहितेय, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त अर्ज तिचेच असतात. दुसऱ्या योजनांचे नियम थोडेफार वेगळे असले तरी मागच्या वर्षाची माहिती भरताना चुका याच होतात.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीचं उदाहरण घेते. २०२४-२५ ला बीएस्सी पहिलं वर्ष, २०२५-२६ ला दुसरं. आई-वडील ऊसतोडीला जातात, धाकटी भावंडं आणि आजी घरी, घरचं सगळं हिच्याकडे. तिचा फॉर्म परत आला तेव्हा शेऱ्यात एवढंच होतं की गुण आणि हजेरी जुळत नाही. तिने गुण बदलले, पुन्हा पाठवला, पुन्हा परत. प्रत्येक वेळी तिने आकडा बदलला, पण आकडा ज्या ओळीत होता ती ओळच चुकीची होती.

पहिलं वर्ष कुठे भरायचं

प्रोफाइलमध्ये शिक्षणाचे दोन भाग असतात. `Past Qualification` मध्ये हा अभ्यासक्रम सुरू होण्याआधीचं शिक्षण येतं, म्हणजे दहावी, बारावी, डिप्लोमा. `Current Course` मध्ये आत्ता चालू असलेला अभ्यासक्रम येतो आणि त्यात प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ असते. बीएस्सी पहिलं वर्ष संपलेलं असलं तरी ते बीएस्सीचंच आहे, म्हणून ते `Current Course` मध्येच राहतं. 'मागचं' म्हणजे `Past` असं समजून मुलं पहिल्या वर्षाचे गुण दहावी-बारावीच्या खाली नवीन नोंद करून टाकतात. या मुलीनेही तेच केलं होतं. आणि `Current Course` मधली पहिल्या वर्षाची ओळ गेल्या वर्षी भरली तशीच, `Pursuing` अशी पडून होती.

आता पडताळणी करणाऱ्या माणसाला काय दिसतं ते बघा. पहिलं वर्ष चालू आहे, दुसरं वर्षही चालू आहे, आणि बारावीच्या खाली बीएस्सीची एक अनोळखी नोंद आहे. यावरून मुलगी नेमक्या कितव्या वर्षाला आहे हेच कळत नाही. अर्ज परत न पाठवून तो करणार काय?

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. `Past Qualification` मधली बीएस्सीची नोंद काढून टाका. मग `Current Course` मध्ये पहिल्या वर्षाची ओळ उघडून स्थिती `Completed` करा, निकाल आणि टक्केवारी भरा, गुणपत्रिका जोडा आणि जतन करा. हे झाल्यावरच दुसऱ्या वर्षाची नवीन ओळ घाला, तिची स्थिती `Pursuing`. दुसऱ्या वर्षाची ओळ आधी घालून पहिल्याकडे नंतर वळलात तर एखादा रकाना राहून जातो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. प्रवेशाचं वर्षही ओळीगणिक तपासा. पहिल्या ओळीत २०२४-२५, दुसऱ्या ओळीत २०२५-२६. दोन्हीकडे एकच वर्ष पडलं असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही फॉर्म परत येणार.

प्रोफाइल दुरुस्त झालं म्हणजे अर्ज दुरुस्त झाला असं मात्र धरू नका. परत आलेला अर्ज उघडून पुन्हा सादर करावा लागतो. सादर केल्यावर अर्जाची पीडीएफ काढा आणि तिच्यात नवी टक्केवारी छापून आलीय का ते डोळ्यांनी बघा. पीडीएफमध्ये जुनाच आकडा असेल तर कॉलेजकडेही जुनाच गेलाय.

टक्केवारी कोणती

या मुलीच्या पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेवर ५५० पैकी ३३८ होते, दुसऱ्या सत्रात ५५० पैकी ३६४. तिने फॉर्ममध्ये ६६.१८ लिहिलं होतं. हा आकडा खोटा नाही, ३६४ भागिले ५५० तेवढेच येतात. पण ती फक्त दुसऱ्या सत्राची टक्केवारी झाली. जोडलेली गुणपत्रिकाही त्याच सत्राची होती, कारण हातात शेवटी आलेली तीच होती.

फॉर्म वर्षाची टक्केवारी मागतो. म्हणून दोन्ही सत्रांचे मिळालेले गुण एकत्र करायचे, दोन्ही सत्रांचे एकूण गुण एकत्र करायचे, आणि मग भागायचं. ३३८ अधिक ३६४ म्हणजे ७०२. ५५० अधिक ५५० म्हणजे ११००. ७०२ भागिले ११००, गुणिले १००, उत्तर ६३.८२. फॉर्ममध्ये हेच जायला हवं.

इथे कुणी म्हणेल, दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तरी हेच येतं की. येतं, पण दोन्ही सत्रांचे एकूण गुण सारखे असतील तरच. समजा एका सत्रात ५५० पैकी ३३० आणि दुसऱ्यात ६०० पैकी ४२० आहेत. टक्केवाऱ्या ६० आणि ७०, सरासरी ६५. पण गुण मिळवून भागले तर ७५० भागिले ११५०, म्हणजे ६५.२२. फरक किरकोळ दिसतो, पण तपासणाऱ्याने गुणपत्रिका हातात घेऊन भागाकार केला की त्याला तुमचा आकडा मिळत नाही, आणि अर्ज परत येतो. म्हणून सरासरीच्या वाटेला जाऊच नका, सरळ गुणांची बेरीज करा.

दुसरा घोटाळा एसजीपीएचा. आता विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर श्रेयांक, श्रेणी आणि एसजीपीए ठळक छापलेले असतात, त्यामुळे मुलं तोच आकडा उचलतात. कुणी ७.०९ ला दहाने गुणून ७०.९ लिहितं, कुणी ९.५ ने गुणून ६७.३६. हा ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीच्या निकालासाठी वापरला जायचा. आपल्या विद्यापीठाच्या बीएस्सीशी त्याचा काही संबंध नाही. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष गुण दिलेले असतील तर टक्केवारी त्या गुणांवरूनच काढा. गुण नसतील, फक्त श्रेणी असेल, तर विद्यापीठाने दिलेलं रूपांतराचं सूत्र वापरायचं. ते पुष्कळदा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतं, नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. मैत्रिणीच्या कॉलेजचं सूत्र तुमच्या कामाचं नाही, त्यांचं विद्यापीठ वेगळं असू शकतं.

जोडायच्या गुणपत्रिकेचंही तसंच. टक्केवारी दोन सत्रांवरून काढली म्हणजे पुरावाही दोन्ही सत्रांचा हवा. दोन्ही गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये आणा. फाइल १५ केबी ते २५६ केबी या मापात बसवावी लागते आणि मोबाइलने काढलेले दोन फोटो तेवढ्यात बसत नाहीत. मग मुलं फाइल इतकी दाबतात की आकडे पुसट होतात, ३ आणि ८ मधला फरकही कळत नाही. त्यापेक्षा स्कॅनरने कृष्णधवल स्कॅन करा, कागदाच्या कडेची मोकळी जागा कापा, मग फाइल आपोआप हलकी होते. अपलोड केल्यावर ती पुन्हा उघडून एकूण गुणांची ओळ वाचता येतेय का बघा. ती ओळ वाचता आली नाही तर वर काढलेला भागाकार कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

हजेरी: कोणत्या वर्षाची आणि कशावरून काढलेली

गुणांचं काम कागदावर तरी आहे. हजेरीचा कागद मुलांच्या हातात नसतोच, तो कॉलेजात असतो. या शिष्यवृत्तीला शैक्षणिक वर्षात ७५ टक्के हजेरी लागते. ती कुठे अर्जात भरावी लागते, कुठे कॉलेजच्या पडताळणीसाठी दाखला जोडावा लागतो. कशीही असो, आकडा हजेरीपटाशी जुळला पाहिजे.

या मुलीने ९२ टक्के लिहिले होते आणि दाखलाही ९२ चाच होता. पण दाखल्यावरचं वर्ष होतं २०२५-२६. म्हणजे चालू वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांची हजेरी. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण करताना बघितलं जातं ते पहिलं वर्ष. तिला २०२४-२५ चा दाखला हवा होता. ही चूक इतकी वरचेवर होते, कारण विद्यार्थी दाखला मागताना फक्त "हजेरीचा दाखला द्या" म्हणतो आणि देणारा चालू वर्षाचा लिहून देतो. मागताना तोंडाने सांगा, किंवा अर्जातच लिहा: मागील शैक्षणिक वर्ष २०२४-२५, सत्र पहिलं आणि दुसरं.

नवा दाखला काढायला गेल्यावर खरी अडचण समोर आली. मागच्या वर्षीचे हजेरीपट उघडले तर पहिल्या सत्रात २८० तासिकांपैकी २३६ ला ती हजर होती. दुसऱ्या सत्रात २८० पैकी १७६. बेरीज ५६० पैकी ४१२, म्हणजे ७३.५७ टक्के. दुसऱ्या सत्रात हजेरी का घसरली ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आई-वडील कारखान्यावर, आजी आजारी, मग पोरगी किती दिवस तालुक्याला येणार.

तिला वाटलं शिष्यवृत्ती गेली. डोळ्यांत पाणी होतं. मी तिला विचारलं, "प्रात्यक्षिकं किती केलीस?" ती म्हणाली, "मॅडम, प्रॅक्टिकल तर एकपण चुकवलं नाही जवळजवळ, सर जर्नलवर सही देत नसतेत ना नंतर."

हजेरीपटात फक्त तासिकांची नोंद होती. प्रात्यक्षिकांची हजेरी भौतिक, रसायन आणि वनस्पतिशास्त्र विभागांच्या आपापल्या वहीत असते आणि दाखला लिहिताना त्या वह्या कुणी मागवलेल्याच नव्हत्या. मागवल्या. वर्षभरात १२० प्रात्यक्षिकं झाली होती, ती ११० ला हजर होती. आमच्याकडे एक प्रात्यक्षिक म्हणजे एक हजेरी धरतात, तुमच्या कॉलेजात तासांवर मोजत असतील तर तसं धरा. ५६० अधिक १२० म्हणजे ६८०. ४१२ अधिक ११० म्हणजे ५२२. ५२२ भागिले ६८०, उत्तर ७६.७६ टक्के. इथे कुणी तिच्यावर मेहरबानी केली नाही. ती जिथे हजर होती तिथली हजेरी तेवढी मोजली गेली.

विज्ञान शाखेच्या मुलांनी हे नक्की बघावं. दाखल्यात ७० ते ७५ च्या मधला आकडा आला की लगेच हताश होऊ नका. प्रात्यक्षिकं मोजलीत का विचारा. एनसीसीचं शिबिर, एनएसएसचं शिबिर, विद्यापीठाकडून खेळायला गेलेले दिवस हजेरीत धरायचे की नाहीत याचा विद्यापीठाचा आणि कॉलेजचा नियम असतो, तो विचारा आणि त्या दिवसांची प्रमाणपत्रं सोबत न्या. रजिस्टरमध्ये नाव दोनदा असणं किंवा रोल नंबर मध्येच बदललेला असणं हेही होतं. प्रवेश उशिरा झालेल्या मुलांचा रोल नंबर सुरुवातीला शेवटी असतो, नंतर वर येतो, आणि आधीच्या महिन्यांची हजेरी जुन्या नंबरावरच राहून जाते.

पण सगळं मोजूनही आकडा ७५ च्या खालीच राहिला तर तो वाढवून लिहून घेऊ नका. ७४.६ चं ७५ करून द्या म्हणून विनवणारी मुलं येतात. त्यांची तळमळ मला कळते, तरी मी ते देत नाही. अर्जात माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून दिलेलं असतं, दाखल्यावर प्राचार्यांची सही असते, आणि हजेरीपट कॉलेजात तसाच असतो. पुढे कधी तपासणी लागली तर वसुली तुमच्याच नावावर निघते. अशा वेळी खरी टक्केवारी आणि गैरहजेरीच्या कारणाचे कागद घेऊन प्राचार्यांना भेटा, आणि पुढचं समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर काही ठरवू नका.

दाखला लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. दाखल्यावर नुसती टक्केवारी लिहू नका. एकूण तासिका किती, हजर किती, प्रात्यक्षिकं किती, त्यात हजर किती, हे चार आकडे लिहा आणि त्याखाली टक्केवारी. मोघम "७५ टक्क्यांपेक्षा जास्त" असं लिहिलेला दाखला अर्जातल्या आकड्याशी जुळवताच येत नाही. पोराने ७६.७६ भरलेलं असतं आणि दाखल्यात आकडाच नसतो.

परत पाठवताना आणि एटीकेटी असेल तर

अर्ज `Send Back` झालाय की नामंजूर झालाय हे नीट वाचा. `Send Back` म्हणजे दुरुस्तीला वाव आहे. त्यालाही मुदत असते आणि ती निघून गेली तर दुरुस्त केलेला अर्जही जागेवरच राहतो. एकदा दुरुस्ती करायला बसलात की शेऱ्यात लिहिलेली एकच गोष्ट बदलून पाठवू नका. तपासणारा पहिली चूक दिसली की तिथेच थांबतो, पुढच्या चुका त्याने बघितलेल्याच नसतात. त्या मुलीचा फॉर्म पुन्हा पुन्हा आला तो यामुळेच. ओळ, टक्केवारी, दोन गुणपत्रिका, दाखल्याचं वर्ष, हे सगळं एका बैठकीत जुळवा.

एटीकेटी असेल तर निकालाच्या रकान्यात पास निवडू नका, एटीकेटीच निवडा. गुणपत्रिकेवर एका विषयासमोर नापासाची खूण आणि फॉर्ममध्ये पास, हे लगेच दिसतं. विद्यापीठाच्या नियमाने दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालेला असेल तर राहिलेला विषय लपवायची गरजच नाही. मध्येच तो विषय सुटला आणि सुधारित गुणपत्रिका आली असेल तर नव्या गुणांवरून पुन्हा भागाकार करा आणि नवीच गुणपत्रिका जोडा. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले असतील तरी तेच. जुनी गुणपत्रिका आणि नवी टक्केवारी अशी जोडी पाठवलेले अर्ज आमच्याकडे दरवर्षी येतात, आणि ते परत जातात.

आणि पहिल्या वर्षाची ओळ बदलायला गेल्यावर रकाने उघडतच नसतील, तर तुमचा अर्ज अजून कॉलेजच्या लॉगिनला पडलेला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा नवीन खातं उघडू नका. एकाच आधारवर दुसरं खातं काढायला गेलेल्या मुलांची नंतर मोठी ओढाताण होते. कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे अर्ज क्रमांक घेऊन जा आणि तो तुमच्याकडे परत पाठवायला सांगा, सोबत काय दुरुस्त करायचंय ते कागदावर लिहून द्या. त्या मुलीचा फॉर्म शेवटी असाच आमच्याकडून परत पाठवला, तिने आमच्या समोर बसून ओळी दुरुस्त केल्या, ६३.८२ आणि ७६.७६ भरले, दोन गुणपत्रिकांची एक पीडीएफ जोडली, आणि पुढच्या टप्प्यावर तो मंजूर झाला.